डब्यावर ससा आहे म्हणून लिपस्टिक व्हीगन होत नाही

साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजपथापर्यंत कुठल्याही कॉस्मेटिक्सच्या दुकानात शिरा, निम्म्या डब्यांवर ससा, पान किंवा हिरवा ठिपका दिसेल. ‘प्राण्यांना त्रास नको’ म्हणून विचारपूस करणारं गिऱ्हाईक हे सगळं एकाच अर्थाने वाचतं, आणि दुकानदारही ‘हो ताई, शंभर टक्के व्हीगन’ म्हणून मोकळा होतो. खरं तर इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. क्रुएल्टी-फ्री म्हणजे वस्तूची किंवा तिच्या कच्च्या मालाची चाचणी प्राण्यांवर झाली नाही. व्हीगन म्हणजे त्यात प्राण्यापासून आलेलं काहीच नाही. एकाचं उत्तर ‘हो’ असलं तरी दुसऱ्याचं ‘नाही’ असू शकतं.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. महाबळेश्वरचा मध सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या मांघरला २०२२ साली ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर केलं. समजा एखाद्या बचत गटाने मध, मेण आणि खोबरेल वापरून लिप बाम केला. तो कुणी सशाच्या डोळ्यात घालून पाहिलेला नाही, म्हणजे क्रुएल्टी-फ्री आहे. पण मध आणि मेण दोन्ही मधमाशीचं, त्यामुळे तो व्हीगन मात्र नाही. प्रदर्शनात अशा डबीवर ‘व्हीगन’ लिहिलेलं दिसलं तर त्यामागे लबाडी असेलच असं नाही; ‘मांस-मासे नाहीत म्हणजे व्हीगन’ असा समज असतो. मध वर्ज्य मानणाऱ्या जैन घरांत तर हा फरक देवघरापर्यंत पोचतो.

हिरव्या ठिपक्याला व्हीगन समजणं

हा गोंधळ सर्वांत जास्त दिसतो. हिरवा ठिपका ‘शाकाहारी’ एवढंच सांगतो. खाद्यपदार्थांच्या नियमात मांसाहारीची जी व्याख्या आहे, तिच्यातून दूध, मध, मेण आणि लाखही स्पष्टपणे वगळलेली आहे. म्हणजे मेण असलेली वस्तू हिरव्या ठिपक्यात बिनदिक्कत बसते. याशिवाय २०२२ च्या नियमांनी व्हीगन खाद्यपदार्थांसाठी वेगळं चिन्ह आलं आहे, पण ते खाण्याच्या वस्तूंसाठी. लिपस्टिकवर ते छापलेलं दिसलं तर पुरावा म्हणून त्याचा काही उपयोग नाही.

‘नॉट टेस्टेड ऑन अ‍ॅनिमल्स’ वाचून भारावणं

भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यावर २०१४ पासून बंदी आहे. त्याच वर्षी अशी चाचणी झालेली प्रसाधनं आयात करण्यावरही बंदी आली. तेव्हा भारतात बनलेल्या काजळावर हे वाक्य असेल, तर कंपनी कायदा पाळते एवढंच त्यातून कळतं. ते खोटं नाही, पण त्यात विशेष असं काही नाही.

खरा प्रश्न कच्च्या मालाचा आहे. रंग, सुगंध, परिरक्षक हे पदार्थ दुसऱ्याच कंपन्या बनवतात, आणि तेच रसायन रंगकामात किंवा औषधातही वापरलं जात असेल तर परदेशात वेगळ्या कायद्याखाली त्याची चाचणी झालेली असू शकते. शिवाय चीनमध्ये आयात होणाऱ्या साध्या प्रसाधनांना २०२१ पर्यंत प्राण्यांवरची चाचणी सक्तीची होती. मे २०२१ पासून बऱ्याच वस्तूंना कागदपत्रांच्या अटीवर सूट मिळाली, सगळ्यांना नाही. म्हणून परदेशी ब्रँडच्या उत्तरात ‘कायद्याने आवश्यक असेल तिथे सोडून’ असे शब्द आले की कान टवकारावेत.

ससा दिसला की थांबणं

सशाचं चित्र कुणीही काढून छापू शकतं. त्याला किंमत येते ती मागे उभ्या असलेल्या संस्थेमुळे. लीपिंग बनी हे त्यातलं सर्वांत कडक मानता येईल. हे प्रमाणपत्र एकेका वस्तूला न देता अख्ख्या ब्रँडला देतात. कंपनीने एक तारीख ठरवायची, त्यानंतर तिने किंवा तिच्या कच्च्या मालाच्या पुरवठादारांनी प्राण्यांवर चाचणी करायची नाही, पुरवठादारांवर लक्ष ठेवायची पद्धत उभी करायची आणि बाहेरच्या तपासणीला तयार राहायचं. पेटा या प्राणिहक्क संस्थेची यादी मुख्यतः कंपनीने लिहून दिलेल्या हमीवर उभी आहे. तिच्यात दोन गट आहेत: नुसतं चाचणीमुक्त, आणि चाचणीमुक्त अधिक व्हीगन. दुकानात दाखवताना हा फरक कुणी सांगत नाही, तो आपणच यादीत बघायचा. व्हीगन सोसायटीचं सूर्यफुलाचं चिन्ह मात्र वस्तूनिहाय असतं, त्यामुळे एकाच ब्रँडची एक लिपस्टिक त्यात असेल आणि दुसरी नसेल.

तपासायला पाच मिनिटं पुरतात. `leapingbunny.org`, `crueltyfreeinternational.org` किंवा `crueltyfree.peta.org` उघडून ब्रँडचं नाव डब्यावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर टाका. मालक कंपनीचं नाव टाकू नका. मोठ्या समूहातला एकच ब्रँड प्रमाणित असतो आणि बाकीचे नसतात, असं सर्रास घडतं. डब्यावर चिन्ह आहे पण यादीत नाव नाही, तर दावा संशयास्पद. उलट यादीत नाव आहे पण डब्यावर चिन्ह नाही, तर काळजी नको, कारण चिन्ह छापण्यासाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो आणि सगळे तो घेत नाहीत. छोट्या गावठी उत्पादकाचं नाव कुठेच सापडणार नाही, त्यावरून तो खोटारडा ठरत नाही.

घटकांची यादी न वाचणं

समजा एका लाल लिपस्टिकवर ‘व्हीगन’ लिहिलं आहे आणि ब्रँड पेटाच्या साध्या गटात आहे. म्हणजे चाचणीचा प्रश्न सुटला, घटकांचा नाही. कंपनीच्या साइटवर यादी उघडा आणि फोनमध्ये शोधा: `Cera Alba` म्हणजे मेण, `Lanolin` म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं तेलकट द्रव्य, `Carmine` किंवा `CI 75470` म्हणजे किड्यांपासून काढलेला लाल रंग. `Candelilla Cera` दिसलं तर घाबरू नका, ते झुडपाचं मेण आहे. `CI 15850` हा लाल रंग कारखान्यात तयार होतो.

आता खोच अशी की यादीच्या शेवटी `May Contain` किंवा `+/-` लिहून पुढे रंगांची रांग असते. ती सगळ्या छटांसाठी एकत्र छापलेली असते. तिथे `CI 75470` असेल तर तुमच्या हातातल्या छटेत तो असेलच असं नाही, आणि नसेलच असंही नाही. इथे कंपनीला ईमेल करण्यावाचून इलाज नाही. ‘तुमचं प्रॉडक्ट व्हीगन आहे का?’ असं विचारलंत तर ‘हो’ एवढंच येईल. त्याऐवजी छटेचं नाव आणि बॅच नंबर देऊन विचारा की या छटेत कार्माइन आणि मेण आहे का, ग्लिसरीन आणि स्टिअरिक अ‍ॅसिड वनस्पतीचं आहे की चरबीचं, आणि पुरवठादारांकडून चाचणीबाबत लेखी हमी घेतली आहे का. हे शेवटचे दोन पदार्थ नुसत्या नावावरून ओळखताच येत नाहीत; दोन्हीकडून बनतात आणि यादीत नाव तेच राहतं. ‘आम्ही प्राण्यांवर चाचणी करत नाही’ असं उत्तर आलं तर त्यात पुरवठादारांचा उल्लेख आहे का ते बघा.

दावा उघड खोटा निघाला तर डबा फेकू नका. बिल, डब्याच्या चारही बाजूंचे फोटो, कंपनीचा ईमेल आणि यादीत नाव सापडलं नाही त्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत ‘क्रुएल्टी-फ्री’ हा शब्द नावानिशी आहे: पुरेसा खुलासा आणि पुरावा नसेल तर तो जाहिरातीत वापरता येत नाही. तक्रारीत या सूचनांचा उल्लेख करा आणि कंपनीकडे पुरावा मागितल्याची तारीखही लिहा.