मध्यरात्री लोहगाव विमानतळावरून पुण्यात घरी कसं पोहोचावं

विमानतळावरून घरी जायला रामवाडीहून मेट्रो आणि पुणे स्टेशनहून लोणावळा लोकल पकडा, असा सल्ला मिळतो. दिवसा तो ठीक आहे. मध्यरात्रीनंतर विमान उतरलं की दोन्हींचा उपयोग नाही. उरतात बस आणि कॅब.

आधी पीएमपीची बस बघा. `Apli PMPML` ॲपवर बस खरोखर येताना दिसत असेल तरच थांबा. दिसत नसेल तर थांब्यावर ताटकळत बसू नका.

खरी कसोटी ॲपवरून कॅब मिळवण्याची. मला बराच काळ ह्याच टप्प्यानं छळलं आहे. "विमान टेकलं की लगेच बुक करा" हा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. सामान पट्ट्यावर यायला वेळ लागतो, तोवर चालक येऊन कंटाळतो आणि ट्रिप रद्द करतो. सामान हातात घ्या, एरोमॉलपर्यंत पोहोचा आणि मगच बुक करा. एरोमॉल म्हणजे टर्मिनलजवळची बहुमजली पार्किंगची इमारत. ॲपच्या गाड्या तिथूनच मिळतात. नव्या टर्मिनलवरून अंतर जाणवतं, म्हणून जड बॅगा असतील तर बॅटरीवरची गाडी विचारा.

बुक करताना नकाशावरची पिन स्वतः तपासा. फोन बऱ्याचदा ती टर्मिनलच्या दारात किंवा बाहेरच्या रस्त्यावर टाकतो. मग चालक एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे. पिकअपमध्ये एरोमॉल निवडा आणि समोरच्या पाटीवरचा मजला व खांबाचा क्रमांक वाचून चालकाला फोनवर सांगा.

त्याच फोनवर भाड्याचंही बोलून घ्या. पुण्यात ॲपवर दिसतं त्याहून जास्त मागणारे चालक भेटतात आणि वाद बहुधा घरासमोर, गाडी थांबल्यावर होतो. "दादा, कोथरूडला जायचंय, ॲपवर दिसतंय तेवढेच देणार, चालेल ना?" एवढं विचारा. नाही म्हणाला तर ट्रिप त्यालाच रद्द करू द्या. "तुम्हीच कॅन्सल करा, मी तसाच सोडतो" म्हणणाऱ्याच्या गाडीत बसू नका. ट्रिप रद्द झाली की प्रवासाची नोंदच राहत नाही, रात्री दोन वाजता घरच्यांना पाठवायला लिंकही उरत नाही. ओटीपी नंबरप्लेट जुळल्यावरच द्या.

कोथरूडचं भाडं मागणी वाढल्यामुळे फारच चढलं असेल तर पंधरा-वीस मिनिटं एरोमॉलमध्येच बसा. एकापाठोपाठ उतरलेल्या विमानांची गर्दी ओसरली की आकडा बहुतेक वेळा खाली येतो. तरीही परवडत नसेल तर सुमारे दहा किलोमीटरवरच्या पुणे स्टेशनपर्यंतच कॅब करा. तिथून पीएमपीची रातराणी बस सुटते. ती मोजक्याच मार्गांवर आणि बऱ्याच अंतरानं धावते, म्हणून आपल्या भागाची गाडी आणि तिची वेळ विमानतळावर असतानाच बघून ठेवा.