गल्ल्यावर बसलात? वजाबाकी सोडा, बिलापासून पुढे मोजा

सांगलीत गणपती पेठेतल्या एखाद्या दुकानात संध्याकाळी गर्दी उसळलेली असते. काकूंनी भडंग आणि शेंगदाणे घेतले, बिल झालं १३७ रुपये आणि हातात आली पाचशेची बंदी नोट. आता पाचशेतून एकशे सदतीस वजा करायचे म्हटलं की दोनदा हातचा घ्यावा लागतो, आणि मागचं गिऱ्हाईक "अहो, साखरेचं बघा की" म्हणत असतं. अशा वेळी हमखास होणारी चूक म्हणजे ३६३ च्या जागी ३७३ परत जाणं. सदतीसला शंभर करायला त्रेसष्ट लागतात, पण घाईत तोंडून त्र्याहत्तर निघतात.

मुरलेला दुकानदार इथे वजाबाकी करतच नाही. तो १३७ पासून निघतो आणि ५०० पर्यंत पोचतो.

आधी नोट हातात आल्याबरोबर मोठ्याने म्हणा, "एकशे सदतीस झाले काकू, पाचशेची नोट." ती नोट लगेच गल्ल्यात टाकू नका. गल्ल्याच्या वर, दोघांना दिसेल अशी, वजनाखाली दाबून ठेवा. "मी पाचशेची दिली होती, तुम्ही दोनशेची समजलात" हा वाद तिथेच मिटतो. नोट एकदा बाकीच्या नोटांत मिसळली की मग कोण खरं, हे ठरवायला काही उरत नाही.

आता गल्ल्यातून पैसे काढायचे, लहानापासून मोठ्याकडे. पहिला थांबा जवळचा दशक, म्हणजे १४०. मग ५० किंवा १०० चा आकडा, आणि शेवटी गिऱ्हाइकाने दिलेली रक्कम. एसटी जशी गावोगावी थांबत जाते, तसंच.

१ रुपया काढला: एकशे अडतीस.
२ रुपये: एकशे चाळीस.
१० ची नोट: दीडशे.
५० ची: दोनशे.
१०० ची: तीनशे.
२०० ची: पाचशे.

पाचशे म्हणालात की थांबायचं. किती परत दिले, हे तुम्हाला कळलेलंही नसतं आणि कळायची गरजही नसते. (बेरीज करून बघा, ३६३ च भरतात.)

तोंडाने नोटेची किंमत म्हणायची नाही, पोचलेला आकडा म्हणायचा. दहाची नोट ठेवताना "दहा" म्हणालात की मोजणीचा धागा तुटला. आणि नोट आधी ठेवा, आकडा नंतर म्हणा. आकडा आधी म्हटला आणि तेवढ्यात कोणी काही विचारलं, तर ती नोट दिली की राहिली, हेच आठवत नाही. मध्येच अडलात तर अंदाजाने पुढे जाऊ नका, सगळे उचलून पुन्हा १३७ पासून सुरू करा.

गल्ल्यातून काढताना हे एकदा मनात मोजलेलं असतं. काकूंच्या हातावर ठेवताना तेच पुन्हा मोठ्याने मोजा. ही दुसरी मोजणी काकूही ऐकत असतात, त्यामुळे दोन नोटा चिकटून गेल्या तर एक जण तरी बोलतो.

खरी गंमत गिऱ्हाईक वर सुट्टे देतं तेव्हा होते. "थांब बाळा, सात रुपये हायत माझ्याकडं," म्हणत काकूंनी पाचशेवर सात ठेवले की नवखा पोरगा गांगरतो. अशा वेळी ते सात आधी बिलातून उडवा. राहिले १३०. मग पाचशेच्या नोटेसाठी १३० पासून निघा: वीस दिले, दीडशे, पन्नास, दोनशे, आणि शंभर-दोनशेच्या नोटांनी पाचशे. चिल्लरला हातही लागला नाही.

गल्ल्यात एक-दोनची नाणी संपली असतील तर हाच हिशेब उलटा वापरता येतो. १३७ ला १४० करायला तीन लागतात, ते तुमच्याकडे नाहीत. मग "काकू, दोन रुपये सुट्टे आहेत का?" असं विचारा. दोन मिळाले की बिल उरतं १३५, आणि पाचच्या एका नाण्याने १४० होतात. पुढचं नेहमीसारखंच. चॉकलेट हातावर ठेवण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

या पद्धतीने एक चूक मात्र पकडली जात नाही: सुरुवातीचा आकडा. बिल १७३ चं असताना तुम्ही १३७ ऐकलंत, तर मोजणी दोन्ही वेळा बरोबर येईल आणि ३६ रुपये खिशातून जातील. म्हणून पहिलं वाक्य बिलाच्या कागदाकडे बघून बोला, आठवणीतून नको. आणि शेवटचा आकडा ऐकून गिऱ्हाइकाने मान डोलावली, की मगच वजनाखालची नोट गल्ल्यात सारा.