वाळूजमधला पहिला कंपनी-क्लायंट आणि माझं लिंक्डइन प्रोफाइल

नोकरी सोडून सल्लागार झालो तेव्हा माझ्या लिंक्डइनच्या हेडलाइनमध्ये होतं: ‘कन्सल्टंट, ट्रेनर, मोटिव्हेशनल स्पीकर’. आठ महिने ती ओळख मिरवली. त्यातून विम्याचे एजंट आले, एक एमबीएचा कोर्स विकणारा आला, पण कंपनीतून एकही फोन आला नाही. चूक साधी होती. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या मेंटेनन्स मॅनेजरला कन्सल्टंट नको असतो. कॉम्प्रेसरचं वीजबिल एवढं का येतं, हे त्याला वरच्या साहेबाला सांगता यायला हवं असतं.

माझं काम कारखान्यातल्या दाबहवेचं, म्हणजे कॉम्प्रेस्ड एअरचं ऑडिट करण्याचं. मग हेडलाइन बदलून तेच लिहिलं: कारखान्यातली हवेची गळती मोजतो, कॉम्प्रेसरचं वीजबिल कमी करून देतो, छत्रपती संभाजीनगर आणि जालना. हेडलाइनला 220 अक्षरं मिळतात, पण मोबाइलवर यादीत नाव दिसतं तेव्हा सुरुवातीचे काही शब्दच दिसतात. म्हणून काम आधी, पदव्या नंतर.

गावाच्या नावाची गंमत सांगतो. शहराचं नाव 2023 मध्ये बदललं, तरी निम्म्या लोकांच्या प्रोफाइलवर अजून Aurangabad आहे, आणि त्या नावाचा एक जिल्हा बिहारातही आहे. त्यामुळे लोक शोधताना मी दोन्ही नावं टाकतो आणि सोबत Waluj, Shendra, Chikalthana अशी औद्योगिक वसाहतींची नावं देतो. माझ्या अबाउटमध्येही ही सगळी नावं वाक्यात गुंफून ठेवलीत, कारण शोधणाराही हेच टाइप करतो. पदांचं म्हणाल तर Plant Head आधी शोधू नका. Maintenance Manager आणि Utility Engineer शोधा. सही प्लांट हेडची असते, पण ‘या माणसाला बोलवा’ हे खालचा माणूस म्हणतो.

अबाउट विभागात 2,600 अक्षरं बसतात. मी त्यातली निम्मीसुद्धा वापरत नाही. काय मोजतो, किती दिवस लागतात, अहवालात काय मिळतं आणि कोणतं काम घेत नाही, एवढंच. ‘नवीन कॉम्प्रेसर विकत नाही’ हे वाक्य मी मुद्दाम ठेवलंय. विकणारे फुकट ऑडिट करतात आणि शेवटी नवं मशिन सुचवतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या एका वाक्याने माणूस निवांत होतो.

आता पोस्टचं. पहिले सहा महिने मी सकाळी सुविचार टाकायचो. लाइक मिळायचे, सगळे माझ्या बॅचमेटचे. मग शर्टाच्या खिशात छोटी डायरी ठेवायला लागलो. कंपनीतून बाहेर पडलो की गाडी सुरू करण्याआधी तीन ओळी: त्यांना काय वाटत होतं, मीटरने काय दाखवलं, मग काय केलं. सुट्टीच्या दिवशी त्यातल्या दोन नोंदींच्या पोस्ट लिहितो, मंगळवारी आणि गुरुवारी टाकतो. ‘आज काय लिहू’ हा प्रश्नच राहिला नाही. ज्या आठवड्यात साइट नसते, त्या आठवड्यात जुनी पानं चाळतो.

लिंक्डइनवरून पहिलं काम ज्या पोस्टमुळे मिळालं ती सांगतो. सुरुवात अशी होती: ‘कारखाना बंद. एकही मशिन चालू नाही. तरी कॉम्प्रेसर दर पाच मिनिटांत दीड मिनिट लोड घेतोय. हवा जातेय कुठे?’ पुढची रीत वाचायला ‘आणखी’वर टिचकी मारावी लागते, म्हणून प्रश्न वर आणि हिशेब खाली.

खाली रीत पूर्ण दिली होती. साप्ताहिक सुट्टीला सगळी मशिनं बंद ठेवायची, हवेच्या लाइनचे व्हॉल्व्ह मात्र उघडेच ठेवायचे आणि कॉम्प्रेसर सुरू करायचा. तो किती वेळ लोडवर राहतो, म्हणजे हवा भरतो, आणि किती वेळ अनलोडवर, म्हणजे हवा न भरता राहतो, हे घड्याळ लावून पाच-सहा वेळा मोजायचं आणि सरासरी काढायची. लोडचा वेळ भागिले दोन्ही वेळांची बेरीज, गुणिले शंभर, म्हणजे गळतीची टक्केवारी. दीड मिनिट लोड, साडेतीन मिनिटं अनलोड, म्हणजे 30 टक्के. 37 किलोवॅटच्या कॉम्प्रेसरला ते साधारण 11 किलोवॅट होतात. वर्षाला 6,000 तास आणि युनिटला 9 रुपये धरले तर जवळजवळ 6 लाख रुपये नुसते भोकांतून जातात.

एका मित्राने डोक्याला हात लावला. “सगळं फुकट सांगितलंस, आता तुला बोलवील कोण?”

पोस्टला लाइक आले अकरा. एका कॉमेंटमध्ये कुणीतरी बरोबर पकडलं की व्हीएफडी कॉम्प्रेसरला ही रीत लागू नाही, कारण तो लोड-अनलोड न करता वेग कमी-जास्त करतो. मी तिथेच चूक मान्य करून दुरुस्ती टाकली. कॉमेंटला उत्तर देणं हे पोस्ट लिहिण्याइतकंच काम आहे, त्याला वेळ ठेवा.

दोन महिन्यांनी वाळूजच्या एका मेंटेनन्स मॅनेजरचा मेसेज आला. त्याने ना लाइक केलं होतं, ना कॉमेंट. फोनवर म्हणाला, “सर, तुमची पोस्ट वाचून आम्ही सुट्टीला टेस्ट घेतली. अडतीस टक्के आली. आता भोकं शोधायची कशी?” मित्राच्या प्रश्नाचं उत्तर ते होतं. ही टेस्ट किती हवा जाते ते सांगते, कुठून जाते ते सांगत नाही. त्यासाठी गळतीचा कानाला न ऐकू येणारा आवाज पकडणारा अल्ट्रासोनिक डिटेक्टर लागतो आणि सापडलेल्या भोकांना टॅग लावत लाइनीलाइनीने फिरावं लागतं. मला त्या कामाचे पैसे मिळाले.

म्हणून लाइक मोजणं मी सोडलं. ज्याला काम द्यायचंय तो उघडपणे लाइक करत नाही. आपल्याकडे गळती आहे हे जाहीर का करील? त्यापेक्षा प्रोफाइल कुणी पाहिलं ती यादी बघा. फुकट खात्यात मोजकीच नावं दिसतात, पण पोस्टनंतरच्या दोन दिवसांत त्यात कारखान्यातली पदं दिसायला लागली की दिशा बरोबर आहे. नुसते दुसरे कन्सल्टंट दिसत असतील तर तुम्ही त्यांच्यासाठीच लिहिताय.

एक घोळही माझ्याच हातून झाला. गळक्या कपलिंगचा फोटो टाकला, मागे भिंतीवर जॉब कार्ड होतं, त्यावर पार्ट नंबर आणि त्यांच्या ग्राहकाचं नाव. तासाभरात फोन. पोस्ट काढली, माफी मागितली, पण त्या गेटमधून परत बोलावणं आलं नाही. आता फोटो फक्त हाताच्या अंतरावरून, मागे कापड धरून. आणि टाकण्याआधी त्यांना व्हॉट्सअॅपवर दाखवून. कंपनीचं नाव काढलं म्हणजे झालं असंही समजू नका. ‘वाळूजचा अमुक टनाचा प्रेस असलेला कारखाना’ म्हटलं की इथे चहावाल्यालाही कळतं. आकडे थोडे गोल करा आणि कारखाना ओळखू येईल अशी पोस्ट सहा महिने उशिरा टाका.

जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये मात्र हे फारसं चालत नाही. तिथले शेठजी लिंक्डइनवर नाहीत. ओळखीने फोन जातो, समोर बसावं लागतं. गेल्या हिवाळ्यात असाच बसलो होतो. शेठजी बिलाबद्दल बोलत होते आणि शेजारी त्यांचा मुलगा मोबाइलवर काहीतरी वर सरकवत होता. मध्येच मान वर करून म्हणाला, “ते व्हीएफडीवाल्या कॉमेंटमध्ये तुम्ही चूक कबूल केली होती ना? आमचे दोन व्हीएफडीच आहेत. तिथं काय करता?”