चेहरा बदललेला फोटो बाहेर पाठवण्याआधीची तयारी

ग्रुप फोटोत एकाचे डोळे मिटलेत, म्हणून त्याच माणसाचा चेहरा अर्ध्या तासानंतरच्या दुसऱ्या फ्रेममधून उचलून बसवायचा आहे. तेवढ्या वेळात ऊन कलतं आणि नवा चेहरा जरा पिवळा येतो. समोरच्याच्या मोबाइलवर सगळा फोटो थोडा पिवळा किंवा निळा दिसणार, ते आपल्या हातात नाही. पण चेहरा आणि मान एकाच वेळी, सारखेच पिवळे झाले पाहिजेत. सगळी तयारी त्यासाठी आहे.

मॉनिटर अर्धा तास आधी चालू करून ठेवा, म्हणजे उजेड आणि रंग स्थिर होतात. तोवर नाइट लाइट, खोलीच्या उजेडाप्रमाणे आपोआप बदलणारा ब्राइटनेस, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि एचडीआर हे सगळं बंद करा. यात नाइट लाइट सर्वांत घातक. तो स्क्रीनवरचा निळा कमी करतो, आणि पिवळेपणातला फरक नेमका निळ्यावरच कळतो. मग चूक समोर असूनही दिसत नाही. खिडकीचा उजेड स्क्रीनवर पडू देऊ नका आणि डेस्कटॉपची पार्श्वभूमी साधी करडी ठेवा. शेजारी भडक रंग असला की डोळा त्वचेचा रंग चुकीचा वाचतो.

आता कलरीमीटर, म्हणजे स्क्रीनला टेकवून तिचे रंग मोजणारं यंत्र. सॉफ्टवेअरमध्ये आपल्या पॅनेलचा प्रकार बरोबर निवडा, कारण चुकीचा निवडला की मोजमापच चुकतं. पांढरा D65 म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा, गॅमा २.२ आणि उजेड साधारण १०० ते १२० निट ठेवा. नवा मॉनिटर बहुधा याच्या दुपटीहून जास्त उजळ असतो. तशा स्क्रीनवर काम केलं तर आपण नकळत त्वचा गडद करत जातो आणि इतरांना ती काळवंडलेली दिसते. मोजताना स्क्रीन किंचित मागे कलवा, म्हणजे यंत्र काचेला नीट टेकतं आणि बाजूने उजेड शिरत नाही. या मोजमापावरून स्क्रीनची रंगांची प्रोफाइल तयार झाली की फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा.

कॅलिब्रेशन झालं तरी फक्त डोळ्यांवर विसंबू नका. डोळा काही मिनिटांत पिवळ्याला सरावतो. मूळ मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा खालच्या लेयरवर आहेच, त्याच्याइतका चांगला संदर्भ दुसरा मिळणार नाही. आयड्रॉपर ५ बाय ५ च्या सरासरीवर ठेवून, चमक आणि लाली टाळून, दोन्ही चेहऱ्यांच्या कपाळावरची तीच जागा मोजा आणि Info पॅनेलमध्ये Lab चे आकडे पाहा: L म्हणजे उजेड, a वाढला की लाली वाढते, b वाढला की पिवळेपणा. समजा जुन्या कपाळाचे L ६६, a १५, b १८ आले आणि नव्याचे ६६, १६, २५. उजेड जुळला आहे, a जवळपास तोच आहे, b मात्र ७ ने जास्त. म्हणजे दोष फक्त पिवळेपणाचा. नव्या चेहऱ्याच्या लेयरपुरता Curves लावून निळ्या चॅनेलचा मधला भाग वर उचला. निळा वाढला की a देखील थोडा वर जातो, म्हणून हिरवाही कणभर वाढवावा लागतो. शेवटी L पुन्हा पाहा. एक-दोन अंकांचा फरक राहिला तरी चालतो. मग सावलीतला गाल मोजायला विसरू नका. कपाळ जुळलं आणि सावली वेगळीच राहिली असं फार वेळा होतं, कारण कललेल्या उन्हात उजळ भाग पिवळा होतो, सावली तितकी होत नाही.

नंतर सर्वांत वर Hue/Saturation चा तात्पुरता लेयर टाकून सॅच्युरेशन +६० करा. चेहरा मानेपेक्षा नारिंगी पडला तर काम बाकी आहे. पाहून झालं की लेयर काढून टाका.

बाहेर तपासण्यासाठीची प्रत sRGB या बहुतेक स्क्रीन गृहीत धरतात त्या रंगपद्धतीत रूपांतरित करून, प्रोफाइल जोडूनच सेव्ह करा. ॲडोबी आरजीबीमधली फाइल प्रोफाइलशिवाय गेली तर त्वचा बऱ्याच ठिकाणी फिकट, निर्जीव दिसते. ही प्रत मोबाइलवर तीनदा पाहा: पूर्ण ब्राइटनेसवर, अगदी मंद ब्राइटनेसवर आणि नाइट मोड लावून. पूर्ण उजेडात हनुवटीखालचा जोड उघडा पडतो, मंद उजेडात सावल्या एकमेकींत मिसळतात. नाइट मोडमध्ये सगळंच पिवळं होणार, तिथे फक्त चेहरा आणि मान एकत्र सरकतात का ते पाहा. शक्य असेल तर कॅलिब्रेट न केलेल्या एखाद्या जुन्या लॅपटॉपवरही उघडा आणि स्क्रीन वर-खाली कलवून पाहा. छापायचं असेल तर त्याच कागदावर लहान तुकडा छापून आधी दिवसाउजेडी आणि मग घरातल्या दिव्याखाली बघा.

कुठे फरक दिसलाच तर त्या मोबाइलकडे बघत रंग फिरवू नका. मॉनिटरवर परत येऊन आकडे पुन्हा मोजा. म्हणूनच जुन्या चेहऱ्याचा लेयर फोटो मंजूर होईपर्यंत फाइलमधून काढू नका, नुसता लपवून ठेवा.