कुकरची शिट्टीच होत नाहीये? या चुका टाळा

जळगावात खोली घेऊन राहणाऱ्या पोरापोरींसाठी माझा भाचा आणि मी कुकरचा एक छोटा व्हिडिओ करतोय. ही मुलं चोपडा, यावल, पाचोऱ्याहून शिकायला आलेली. आईने डाळ-तांदूळ बांधून दिले, सोबत तीन लिटरचा कुकर दिला आणि वापरायचा कसा ते फोनवर सांगितलं. व्हिडिओचा नियम एकच ठेवलाय: एका दृश्यात एकच धोका आणि त्यावर एकच साधं वाक्य. पहिल्या खेपेला भाच्याने दीड मिनिटात आठ चुका कोंबल्या होत्या. बघून झाल्यावर पहिली चूक कोणती, ते त्यालाच आठवेना.

सगळ्यात जास्त वेळ दिलाय तो न वाजणाऱ्या कुकरला. शिट्टी जोरात झाली की नवखी मुलं दचकतात, पण दचकायला हवं ते कुकर गप्प बसल्यावर.

आमच्याच घरातली गोष्ट सांगते. वरण-बट्टीचा बेत होता, माणसं जास्त होती. तीन लिटरच्या कुकरात मी चार वाट्या तूरडाळ आणि अकरा वाट्या पाणी घातलं. कुकर पाऊण भरला. गॅस मोठा केला आणि बट्ट्या वळायला बसले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. बहिणीची मुलगी स्वयंपाकघरातून ओरडली, “मावशी, शिट्टीच व्हई नही राह्यनी!” मी म्हटलं, होईल. तेवढ्यात फस्सकन आवाज आला आणि पिवळ्या वरणाचा फवारा थेट छताला. सेफ्टी वॉल्व्ह उडाला होता. तिथे कोणी उभं नव्हतं म्हणून निभावलं. रंग दोनदा दिला तरी हळदीचा तो डाग अजून फिकट दिसतो.

झालं काय होतं? डाळ उकळताना फेस येतो आणि फेसाबरोबर डाळीचे कण, सालपटं वर चढतात. शिट्टीच्या खाली झाकणात जी वाफेची नळी असते, तिचं भोक शेंगदाण्याहून बारीक असतं. कुकर जास्त भरला असेल तर फेस तिथपर्यंत पोचतो आणि भोक बुजतं. मग वाफेला वाट उरत नाही, शिट्टी उचलली जात नाही आणि खाली गॅस मात्र चालूच. भात, चवळी, हरभरा यांचंही तेच.

म्हणून पहिलं दृश्य पाण्याचं. वाक्य: “डाळ-तांदळाला कुकर अर्धाच भरा.” बाकी पदार्थांना दोन-तृतीयांशपर्यंत चालतं, त्यापुढे नाही. तीन लिटरच्या कुकरात थेट वरण लावायचं तर दोन वाट्या डाळ आणि सहा वाट्या पाणी पुरे; त्यात चमचाभर तेल घातलं की फेस कमी येतो. जास्त माणसं असतील तर दोनदा लावा. त्या दिवशी मी तेवढंच करायला हवं होतं. डब्यात डाळ-भात लावणाऱ्यांना हा त्रास कमी होतो, पण तळाला दोन वाट्या पाणी विसरलात तर कुकर कोरडा तापतो आणि वॉल्व्ह त्या उष्णतेनेच वितळतो.

दुसरं दृश्य नळीचं. झाकण उजेडाकडे धरा आणि भोकातून आरपार बघा. उजेड दिसला तरच झाकण लावायचं. नाही दिसला तर खराट्याची काडी किंवा सुई घालून नळाखाली धुवा. बोअरचं पाणी वापरत असाल तर आत पांढरा थर धरतो, तोही खरवडून काढा. याला पाच सेकंद लागतात आणि हे रोजच करायचं, आठवड्यातून एकदा नाही.

आता मुख्य दृश्य. शिट्टी होत नसेल तर आधी कान आणि डोळे वापरा, हात नाही. झाकणाच्या कडेने सूं सूं करत वाफ किंवा पाण्याचे थेंब येत असतील तर रबर नीट बसलेलं नाही, किंवा कडक होऊन गेलंय. तिथे वाफेला वाट आहे. गॅस बंद करा, थंड होऊ द्या, रबर बघा. पण मोठ्या आचेवर दहा-बारा मिनिटं झाली, आत खदखदल्याचा आवाज येतोय, तरी कडेने वाफ नाही आणि शिट्टीतूनही नाही, तर नळी बुजलीय असंच धरून चाला. वाक्य: “गॅस बंद करा आणि लांब व्हा.” बटण हात लांब करून बंद करायचं, कुकरवर वाकायचं नाही. शेगडीवरून उचलायचा नाही. सांडशीने शिट्टीवर टकटक करायची नाही. भाच्याला इथे खरा स्फोट दाखवायचा होता. मी सरळ नाही म्हटलं; बंद गॅस आणि ओट्यासमोरची रिकामी जागा एवढंच दाखवलंय.

इथेच सगळे फसतात. एरवी आपण शिट्टी जराशी उचलतो, वाफ आली नाही म्हणजे आत दाब नाही, असं मानतो. चांगल्या कुकरला हे बरोबर आहे. पण नळीच बुजलेली असेल तर वाफ बाहेर येणारच कुठून? शिट्टी उचलली, काही आलं नाही, म्हणून झाकण फिरवलं आणि तोंड भाजलं, असं होऊ शकतं. साध्या कुकरातही दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो असतो. वीस सेंटीमीटरच्या झाकणावर हे मिळून तीन क्विंटल, म्हणजे गव्हाची तीन पोती आतून ढकलतायत. शिवाय आतलं पाणी 120 अंशांच्या आसपास असतं. झाकण सुटताच ते एकदम उकळून वर येतं.

म्हणून अशा वेळी अर्धा-पाऊण तास थांबा, कुकरची बाजू हाताला थंड लागेपर्यंत. मग झाकणाची मूठ हलकेच फिरवून बघा. जोर लावावा लागत असेल तर अजून दाब आहे, सोडून द्या. उलथण्याचा दांडा अडकवून झाकण काढू नका. आत बसणाऱ्या झाकणाच्या कुकरात झाकण आपणहून सैल होऊन खाली येतं, तोपर्यंत ढकलू नका. घाईने डोक्यावरून पाणी ओतलं तरी नळी उघडत नाही.

राहिलं वॉल्व्हचं. तो एकदा उडाला की संपला. त्या जागी त्याच कंपनीचा, त्याच मापाचा नवा बसवायचा. एका खोलीवर मी वॉल्व्हच्या भोकात स्क्रू घट्ट पिळून वर एम-सील लावलेलं पाहिलंय. पोरं अभिमानाने म्हणाली, “मावशी, आता गळत नाही.” गळणार नाहीच, पुढच्या वेळी सगळा कुकरच फाटेल. ते झाकण मी तिथल्या तिथे पिशवीत घालून घेऊन आले. व्हिडिओतल्या शेवटच्या दृश्यात तेच आहे, खाली वाक्य: “हे दिसलं तर कुकर लावू नका.”