शिंतो देवळात दर्शन घेताना या चुका टाळा

टोकियोत आमच्याकडे पाहुणे आले की मी त्यांना असाकुसाला नेते आणि पहिली चूक बहुतेक तिथेच होते. मोठ्या लाल कंदिलाच्या दारातून सरळ गेलं की समोर येतं ते सेन्सो-जी. हे करुणेची देवता मानल्या जाणाऱ्या कान्नोनचं बौद्ध मंदिर आहे. टाळ्या वाजवतात त्या शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या देवळात; इथे नुसते हात जोडतात. मागच्या वर्षी मामांनी विमानात पाहिलेल्या व्हिडिओच्या भरवशावर तिथे दोन खणखणीत टाळ्या वाजवल्या. शेजारी डोळे मिटून उभ्या असलेल्या आजी दचकल्या. मला फार वाईट वाटलं. मिनिटभराच्या व्हिडिओवर विसंबून देवापुढे उभं राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी आधी नाव बघते. शेवटी 'जिन्जा' किंवा 'जिंगू' असेल तर शिंतो, 'जी' किंवा 'देरा' असेल तर बौद्ध. शिंतो देवळापुढे तोरी असते, म्हणजे दोन उभे खांब आणि वर दोन आडव्या तुळया. तिच्यापाशी किंचित वाकावं आणि वाटेच्या कडेने चालावं, कारण मधली वाट देवाची. हात धुताना पळीला तोंड लावू नये. चूळ भरायची तर पाणी डाव्या तळहातावर घ्यावं.

मामांना मी लगेच उजवीकडे, शेजारच्याच असाकुसा जिन्जात नेलं. त्यांनी चार हात अंतरावरून नाणं भिरकावलं. असं करू नका. पेटीजवळ जाऊन हळूच सोडा. कितीही चालतं, पण पाच येनचं नाणं लोकांना आवडतं, कारण 'गो-एन' म्हणजे पाच येन आणि 'गोएन' म्हणजे ऋणानुबंध.

पुढची चूक आपल्या सवयीची. नाणं टाकलं की आपले हात आपोआप जोडले जातात. इथे आधी दोनदा कमरेतून, पाठ जमिनीला समांतर होईपर्यंत वाकायचं. मग छातीसमोर तळहात जुळवून उजवा हात जरासा खाली सरकवायचा आणि दोन टाळ्या वाजवायच्या. त्यानंतर बोटं पुन्हा नीट जुळवून मनात प्रार्थना करायची. मी आधी माझं नाव आणि गाव सांगते, मग मागणं. तीन संथ श्वास घेते, मागे रांग असली तरी. (इझुमो ताइशा आणि उसा जिंगू इथे मात्र चार टाळ्या असतात.)

मामांनी टाळ्या वाजवल्या आणि ते लगेच वळले. घाईत सगळे हेच करतात, टाळ्या लक्षात राहतात आणि प्रार्थना निसटते.

"मामा, बोलणं राहिलं. आणि शेवटचा एक प्रणामही."

ते परत फिरले, टोपी काढली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी हात जोडून ते इतका वेळ उभे राहिले की मीच एक पाऊल मागे सरकले.