लग्नाचं सोनं: वही पितृपक्षातच उघडा

लग्न मार्गशीर्षात असेल तर सोन्याची वही दसऱ्याला नाही, पितृपक्षातच उघडा. त्या पंधरवड्यात गिऱ्हाईक थंडावतं आणि घाऊक व्यापारी बऱ्याचदा पडलेल्या भावापेक्षा, म्हणजे आयात करून शुल्कासकट जो भाव पडतो त्यापेक्षा, खाली माल सोडतात. मग दसरा-दिवाळीसाठी सराफ माल भरू लागतात. म्हणजे घाऊक प्रीमियम, पडलेल्या भावावर द्यावी लागणारी जादा रक्कम, धनत्रयोदशीच्या आधीच चढलेला असतो; मुहूर्ताला आपण फक्त रांगेत उभे असतो.

वहीत पहिला आकडा लिहायचा तो पडलेल्या भावाचा. समजा लंडनचा भाव औंसाला 2,500 डॉलर आणि डॉलर 84 रुपये. औंस म्हणजे 31.1035 ग्रॅम, म्हणून 10 ग्रॅमचे झाले 67,516 रुपये. त्यावर आयात शुल्क. 2024 च्या जुलैत ते 15 वरून 6 टक्क्यांवर आलं, तुमच्या दिवशी किती आहे ते बघून घ्या. 6 टक्के धरले तर 71,567. बावीस कॅरेटसाठी 0.916 ने गुणा: 65,555. दुकानाच्या फळ्यावर जीएसटीविना 66,000 असेल, तर तोळ्यामागे, म्हणजे 10 ग्रॅममागे, 445 रुपये वर चाललेत. चार तोळ्यांच्या गंठणाला 1,780.

आता मजुरी विचारा, आणि ती टक्क्यांतच विचारा. भाद्रपदात याच गंठणाला 12 टक्के सांगितलेली मजुरी दिवाळीत 18 लावून ‘मजुरीवर 25 टक्के सूट’ अशी पाटी लागली, तर हाती येतात साडेतेरा. 2,64,000 च्या सोन्यावर तो दीड टक्का 3,960 रुपये होतो, प्रीमियमच्या दुपटीहून जास्त. म्हणून भाद्रपदातलं कोटेशन डिझाइनच्या नावासकट लिहून घ्या.

आधीच वेढणी घेऊन ठेवू, असं घरातलं कुणीतरी म्हणेलच. हिशेब करा: वेढणीवर 3 टक्के जीएसटी, आणि ती मोडीत देऊन दागिना घेतला की दागिन्याच्या पूर्ण रकमेवर पुन्हा 3 टक्के. वाचवायला निघालेला प्रीमियम पाऊण टक्कासुद्धा नव्हता. तुमच्याच सोन्याचा दागिना घडवून फक्त मजुरीचं बिल देणारा सोनार असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे जीएसटी लागतो, पण मजुरीवरच.

हे वेळापत्रक एका गोष्टीने उलटतं. भाव एकदम उसळला की लोक नवं घेणं थांबवतात, जुनं मोडीला काढतात, आणि ऐन लग्नसराईतही घाऊक बाजार डिस्काउंटवर जातो. तेव्हा फळ्यावरचा भाव उंच दिसतो, पण पडलेल्या भावाशी ताडला तर फरक उरलेला नसतो. अशा आठवड्यात सराफाशी मजुरीवर घासाघीस करा, कारण दुकान रिकामं असतं.

बिलावर वजन, कॅरेट, त्या दिवसाचा भाव आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. दागिन्यावरचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा सहा अंक-अक्षरांचा क्रमांक, दुकानातच भिंगाखाली वाचून बघा.